सोसायटीची इंग्रजी नोटीस मराठीत करताना डिक्शनरीतली नोंद कशी वाचायची

इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडली की बहुतेक जण समोर दिसेल तो पहिला मराठी शब्द उचलतात आणि डिक्शनरी मिटतात. मग नोटिशीत 'उत्कृष्ट देणी' असले काहीतरी प्रकार छापून येतात आणि लोक डिक्शनरीला नावं ठेवतात. नोंदीत शब्दाच्या आजूबाजूला जी बारीक अक्षरं, आकडे आणि कंस असतात ते वाचायची आपल्याला कुणी सवयच लावलेली नसते, शाळेत 'शब्दकोश वापरा' एवढंच सांगतात, कसा वापरायचा ते कोणी सांगत नाही. इथे एकच वाक्य घेऊन पूर्ण काम करून दाखवतो, म्हणजे कुठल्या खुणेचा कुठे उपयोग होतो ते कळेल.

वाक्य साधंच आहे, कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या बोर्डावर असतं तसं: 'मेंबर्स हू डू नॉट सेटल देअर आउटस्टँडिंग ड्यूज बाय द टेन्थ विल बी चार्ज्ड अ फाइन.' कमिटीला हे मराठीत हवंय, एकदा नोटीस बोर्डासाठी आणि एकदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी वाक्य, मग डिक्शनरी

डिक्शनरी उघडायच्या आधी प्रत्येक शब्द वाक्यात काय काम करतोय ते ठरवायचं. 'फाइन' च्या आधी 'अ' आहे, म्हणजे ते नाम. 'आउटस्टँडिंग' हे 'ड्यूज'ला चिकटलंय, म्हणजे विशेषण. 'सेटल' आणि 'चार्ज' क्रियापदं. एवढं झालं की नोंदीतला निम्म्याहून जास्त मजकूर तुम्हाला वाचावाच लागत नाही.

'फाइन' बघा. बऱ्याच डिक्शनरींत हा शब्द दोनदा येतो, वर बारीक १ आणि २ असे आकडे टाकून. ते आकडे अर्थाचे नसतात, ते सांगतात की हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग सारखं आहे. एक 'छान, बारीक, तलम' वाला, विशेषण. दुसरा 'दंड' वाला, त्याच्यापुढे नाम आणि क्रियापद अशी दोन्ही लेबलं. आपल्याला नाम हवंय, तर थेट दुसऱ्यावर जायचं, संपलं.

लेबलं मराठी डिक्शनरीत ना., वि., क्रि., क्रि.वि. अशी असतात, इंग्रजी पद्धतीच्या डिक्शनरीत `n`, `adj`, `v`, `adv`. यातलं `n` जरा जपून, त्याची गंमत पुढे सांगतो. क्रियापदाला अजून एक फाटा असतो, सकर्मक (स.क्रि. किंवा `vt`) आणि अकर्मक (अ.क्रि. किंवा `vi`). बरेच लोक हा फरक व्याकरणाच्या पेपरापुरता समजतात पण मराठीत शब्द निवडताना तो फार कामाचा आहे, कारण इंग्रजीत एकच 'सेटल' दोन्हीकडे चालतं आणि मराठीत दोन वेगळी क्रियापदं लागतात. भांडण मिटतं, आपण ते मिटवतो. कर्ज फिटतं, आपण ते फेडतो. हप्ते थकतात, माणूस ते थकवतो. आपल्या वाक्यात सेटल कोण करतंय? मेंबर. काय सेटल करतोय? ड्यूज. कर्म आहे, म्हणजे सकर्मक गटच बघायचा.

आकड्यांची गर्दी: 'सेटल'

आता 'सेटल'ची सकर्मक नोंद. कुठल्याही बऱ्या डिक्शनरीत साधारण असे अर्थ असतात: १ (वाद, भांडण) मिटवणे, तडजोड करणे, २ (बिल, देणे) चुकते करणे, फेडणे, भागवणे, ३ (तारीख, अटी) ठरवणे, निश्चित करणे, ४ (लोकांना) वसवणे, ५ (मन, पोट) शांत करणे, स्थिर करणे. क्रम प्रत्येक डिक्शनरीत वेगळा असतो. काही डिक्शनरी जुना अर्थ आधी देतात आणि नवा मागाहून, शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरी सगळ्यात जास्त वापरातला अर्थ आधी देतात. तेव्हा पहिला नंबर म्हणजे 'सगळ्यात बरोबर' असा त्याचा अर्थ होत नाही, त्या संपादकाने तसा क्रम लावलाय एवढंच.

इथे मी मराठी शब्द वाचतच नाही, आधी फक्त कंस वाचत खाली जातो. कंसात 'बिल, देणे' दिसलं की थांबायचं. कंसातला मजकूर हा खुणेचा दगड असतो, हा अर्थ कुठल्या गोष्टीबरोबर चालतो ते तो सांगतो. आपलं कर्म 'ड्यूज', म्हणजे देणंच, तर नंबर दोन. तरी पण सगळे आकडे एकदा शेवटपर्यंत बघून घ्या, कारण कधीकधी पुढे सात-आठ नंबरला 'कायदा' किंवा 'वाणिज्य' असं लेबल लावून तुमच्या कामाचा अजून नेमका अर्थ बसलेला असतो आणि तुम्ही दोनवरच खूश होऊन निघून गेलेले असता.

मग त्या अर्थातले शब्द: चुकते करणे, फेडणे, भागवणे. इथे विरामचिन्हं वाचायची. स्वल्पविराम असेल तर जवळजवळ सारखे शब्द, एकाच्या जागी दुसरा चालून जाईल. अर्धविराम असेल तर छटा बदलली, विचार करून उचला. हे सगळ्या डिक्शनरी काटेकोर पाळत नाहीत, पण चांगल्या पाळतात, आणि दोन-चार ओळखीचे शब्द बघितले की आपल्या हातातली डिक्शनरी कुठल्या गटातली ते पटकन कळतं.

आणि आता खरी मेख. 'चुकते करणे' वाचून हात आपोआप 'चुकवणे' लिहितो. छोटा शब्द, नोटिशीत बसतो. पण 'कर चुकवणारा' म्हणजे कर भरणारा की बुडवणारा? बुडवणारा. 'नजर चुकवणे', 'पोलिसांना चुकवणे', सगळीकडे टाळणंच आहे. फेडणे या अर्थी 'चुकवणे' मराठीत आहे, नाही असं नाही, 'किंमत चुकवावी लागली' आपण म्हणतोच, पण बोर्डावर 'सभासदांनी थकबाकी चुकवावी' असं लावलं तर लोक फोटो काढून फिरवणार. 'चुकती करणे' मध्ये हा घोळ नाही, तिथे एकच अर्थ उरतो. डिक्शनरीने दिलेला शब्द ज्या रूपात दिलाय त्याच रूपात उचलायचा, आपल्या सोयीने त्याचा भाऊ-बहीण लावायचा नाही.

'फेडणे' पण तपासू. कर्ज फेडतात, उपकार फेडतात, नवस फेडतात. मेंटेनन्स फेडत नाहीत. फेडण्यात आधी काहीतरी घेतल्याची भावना आहे. 'भागवणे' तर खर्च, तहान, गरज यांच्याशी जास्त जुळतं. आणि गंमत अशी की लोक रोज जो शब्द बोलतात तो 'भरणे', 'बिल भरलं', 'थकबाकी भरली', तो 'सेटल'च्या नोंदीत बरेचदा नसतोच, तो 'पे'च्या नोंदीत सापडतो. म्हणून एक शब्द अडला की त्याच्या शेजारचा सोपा इंग्रजी शब्दही बघून यायचा.

दोन शब्दांना दोन शब्द लागतातच असं नाही

'आउटस्टँडिंग': १ उत्कृष्ट, उल्लेखनीय, २ (रक्कम) थकीत, येणे असलेली, ३ (काम) प्रलंबित. कंस बघितला की दोन नंबर, वाद नाही. 'ड्यूज'साठी मात्र 'ड्यू'ची नोंद उघडावी लागते आणि तिथे तीन गट दिसतात. विशेषण: देय, योग्य, (गाडी वगैरे) येणे अपेक्षित. क्रियाविशेषण: (दिशेच्या संदर्भात) थेट. आणि नाम, त्यातही `pl` म्हणजे अनेकवचनी: देणी, वर्गणी. हे `pl` चुकवू नका (टाळू नका या अर्थी!), कारण काही इंग्रजी नामांचा अनेकवचनात अर्थच बदलतो आणि डिक्शनरी तो एवढ्याशा दोन अक्षरांत सांगून मोकळी होते.

आता शब्दाला शब्द लावला तर 'थकीत देणी' होतं. चूक नाही, पण मराठीत या दोन्हीला मिळून 'थकबाकी' असा आयता शब्द आहे, वीजबिलावर असतो, पाणीपट्टीच्या बिलावर असतो, सगळ्यांना माहितीय. नोंदीच्या शेवटी जे जोडशब्द आणि वाक्प्रयोग जाड टाइपात दिलेले असतात ना, तिथे असे सापडतात. तो शेवटचा भाग लोक कधी वाचत नाहीत.

छोटे शब्दही बघायचेच. 'बाय' ची नोंद भली मोठी असते: जवळ, कडून, ने, प्रमाणे, पर्यंत. आपल्याला 'पर्यंत' हवं, म्हणजे दहा तारीख धरून. 'दहा तारखेच्या आत' लिहिलं की दहा तारीख धरायची की नाही यावर मीटिंगमध्ये अर्धा तास जातो.

रजिस्टर: दंड बसतो, लावतात, आकारतात, ठोठावतात

'फाइन' म्हणजे दंड, हे ठरलं. पण दंडाबरोबर क्रियापद कुठलं? 'चार्ज'च्या नोंदीत १ (पैसे) आकारणे, मागणे. २ आरोप ठेवणे. ३ (बॅटरी) चार्ज करणे. ४ हल्ला करणे असं काहीसं असतं. कंसामुळे 'आकारणे' मिळालं. पण मराठीत दंडाबरोबर निदान चार क्रियापदं चालतात आणि फरक फक्त रजिस्टरचा आहे, म्हणजे कोण, कुणाशी, कुठे बोलतोय त्याचा.

डिक्शनरी हे सांगते पण फार त्रोटक. `fml` म्हणजे औपचारिक, `infml` म्हणजे घरगुती बोलण्यातला, `dated` म्हणजे अजून समजतो पण जुनाट वाटतो, `archaic` म्हणजे आता वापरातच नाही, `derog` म्हणजे हिणवणारा, `Law` किंवा 'विधी' म्हणजे कायद्यातला. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, इंग्रजी-मराठी डिक्शनरीत ही लेबलं बहुतेक वेळा इंग्रजी शब्दाची असतात, मराठी प्रतिशब्दाची नसतात. इंग्रजी शब्द साधा, बिनलेबलचा असेल आणि समोर जो मराठी शब्द दिलाय तो अगदी सरकारी थाटाचा असेल, असं सर्रास होतं. तो भाग तुम्हालाच करावा लागतो.

दंडाचं असं आहे. 'दंड बसतो' हे बोलणं. 'दंड लावतात' हेही बोलणं, फक्त इथे लावणारा कोणीतरी आहे. 'दंड आकारणे' हे नोटीस, पावती, नियमावलीतलं. 'दंड ठोठावणे' हे कोर्टाच्या बातमीतलं, त्यात शिक्षेचा आवाज आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीने ते वापरलं तर लोक त्याला न्यायाधीश साहेब म्हणायला लागतील. डिक्शनरीत चारही एका ओळीत स्वल्पविरामाने दिलेले सापडले तरी ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

उलटी तपासणी, आणि मोल्सवर्थ कसा वाचायचा

मराठी शब्द निवडून झाला की काम संपत नाही. तो शब्द उलट बाजूने, मराठी-इंग्रजी डिक्शनरीत बघायचा. त्यासाठी मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थ यांचा जुना मराठी-इंग्रजी कोश, अजून उपयोगी आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची, आणि ही शिकागो विद्यापीठाच्या `dsal.uchicago.edu` या साइटवर फुकट शोधता येते. त्याच साइटवर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि वझे यांचा छोटा कोशही आहे. मोल्सवर्थमध्ये इंग्रजी शब्द टाकून पूर्ण मजकुरातही शोधता येतं, म्हणजे तो थोडाफार इंग्रजी-मराठीसारखाही वापरता येतो.

पण त्याच्या खुणा आजच्या डिक्शनरीसारख्या नाहीत, म्हणून आधी हे माहिती असू दे. `n` म्हणजे इथे नाम नाही, नपुंसकलिंग! नामाला तो `m`, `f`, `n` अशी लिंगंच लावतो, त्यावरूनच ते नाम आहे हे समजून घ्यायचं. दंड `m`, म्हणून 'दंड आकारला'. थकबाकी `f`, म्हणून 'थकबाकी भरली'. आपल्याला हे जन्मजात येतं, पण परदेशात वाढलेल्या मुलांना किंवा मराठी शिकणाऱ्या कलीगला याच अक्षराची सगळ्यात जास्त गरज असते. विशेषणाला `a`, अकर्मक क्रियापदाला `v i`, आणि सकर्मकाला `v c`, हो, `c`, `t` नाही.

दुसरं, त्याच्या नोंदीत आकडे २ पासून सुरू होतात. पहिला अर्थ बिनआकड्याचा असतो, मग २, ३ असं पुढे. पहिल्यांदा बघणारा माणूस '१ कुठे गेला' म्हणून वर-खाली शोधत बसतो. 'दंड' सारख्या शब्दाला शिक्षेचा दंड, हाताचा दंड, काठी, जोर-बैठकांमधला दंड असे बरेच अर्थ आहेत, तिथे हे आकडे नीट धरूनच चालावं लागतं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: नामाच्या नोंदीत मधेच `v` लिहून पुढे कर, घाल, पड, लाग असे मराठी धातू दिलेले दिसतात. ते अर्थ नव्हेत. त्या नामाबरोबर कुठली क्रियापदं जातात ते तो सांगतोय. दंडाबरोबर काय जातं हा जो आपला प्रश्न होता, तसल्या प्रश्नाचं उत्तर नोंदीत याच जागी शोधायचं.

कंसातला `S` म्हणजे संस्कृतमधून आलेला, `P` म्हणजे फारसी, `A` म्हणजे अरबी. यावरून लोक घाईने रजिस्टर ठरवतात, संस्कृत म्हणजे भारदस्त आणि फारसी-अरबी म्हणजे बोलण्यातलं. मराठीत हे अजिबात चालत नाही. मुदत, तारीख, वसूल, बाकी, जप्ती हे बाहेरून आलेले शब्द आहेत आणि ते कोर्ट-कचेरी, महसूल, बँक इथले पक्के औपचारिक शब्द आहेत. 'थकबाकी' मधली बाकी तीच. तिला काढून संस्कृत शब्द शोधत बसायची काही गरज नाही, उलट वाचणाऱ्याला तो कळायचा नाही.

शोधताना स्पेलिंगची अडचण येते. मोल्सवर्थमध्ये क्रियापदं फेडणें, भरणें अशी शेवटी अनुस्वार देऊन आहेत, 'गांव', 'पांच' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते गेले. म्हणून 'चुकवणे' टाकून सापडलं नाही तर 'चुकविणें' टाकून बघा. शब्द नाही असं म्हणायच्या आधी हे दोन्ही करून बघायचं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा, हा कोश दीडशेहून जास्त वर्षं जुना आहे. त्यात शब्द आहे म्हणजे आज चालतो असं नाही. मी तो अर्थाचा पल्ला आणि जोडीची क्रियापदं बघायला वापरतो, आजचं रजिस्टर बघायला नाही. त्यासाठी आजच्या मजकुरात शोधायचं, म्हणजे महापालिकेचं बिल, वीजबिल, बँकेची नोटीस. सरकारी पद्धतीचा ठरलेला शब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचे कोश आहेत, शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश वगैरे. तिथे एका इंग्रजी संज्ञेला ठरलेला मराठी शब्द मिळतो, कागदोपत्री कामाला उत्तम, पण रोजच्या बोलण्यासाठी त्यातले बरेच शब्द जड पडतात.

आता वाक्य जुळवा

'मेंबर'ला सदस्य आणि सभासद दोन्ही मिळतात, डिक्शनरी फरक सांगत नाही. तुमच्या सोसायटीच्या उपविधींच्या मराठी प्रतीत जो असेल तोच घ्या, एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा नको.

बोर्डासाठी: 'जे सभासद १० तारखेपर्यंत आपली थकबाकी भरणार नाहीत त्यांना दंड आकारण्यात येईल.' इथे 'चुकती करणार नाहीत' पण चाललं असतं, जरा जास्त कागदी झालं असतं इतकंच. 'त्यांच्याकडून' की 'त्यांना' हे अर्थाच्या यादीत सापडत नाही, उदाहरणाच्या वाक्यात सापडतं. दंड 'ला' आकारतात, वसूल 'कडून' करतात. म्हणून ज्या डिक्शनरीत उदाहरणं आहेत ती कधीही बरी, भले शब्द कमी असोत.

ग्रुपसाठी: 'ज्यांचा मेंटेनन्स राहिलाय त्यांनी १० तारखेपर्यंत भरा, नाहीतर दंड बसेल.' थकबाकी गेली, आकारणं गेलं, निरोप तोच. इथे 'राहिलाय' कुठल्याच डिक्शनरीत 'आउटस्टँडिंग'समोर मिळणार नाही, पण 'राहणे' उलटीकडून उघडलं तर त्यात 'शिल्लक राहणे, करायचे बाकी असणे' हा अर्थ खाली कुठेतरी असतो.

आणि 'मेंटेनन्स' तसाच ठेवला, कारण डिक्शनरीत त्याला 'देखभाल', 'निगा', 'पोटगी' असं सगळं मिळतं. 'पोटगी'च्या आधी 'विधी' असं लेबल असतं, ते न वाचता उचलला तर ग्रुपवर काय होईल ते सांगायला नको. बिलावर 'देखभाल शुल्क' लिहा, ग्रुपवर 'मेंटेनन्स' चालू द्या.